६२ जणांनी पाहिलं

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली. त्याच रात्री साडेदहाला माझ्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. काळ्या पार्श्वभूमीवर दोन ओळी: आता खूप झालं, माझ्याकडून कुणाला त्रास झाला असेल तर माफ करा. मिसिसागात रात्रीचे साडेदहा म्हणजे तिच्या माहेरी सोमवारी सकाळचे नऊ. चहाचा कप खाली ठेवून सगळं गोत फोन उघडतं ती वेळ. (हे तिला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे. तिने होकार दिला नसता, तर हा मजकूर झाला नसता.)

सकाळपर्यंत ते स्टेटस ६२ जणांनी पाहिलं होतं. हा आकडा मला तिने नंतर सांगितला. स्टेटस कोणी पाहिलं त्याची यादी ठेवणाऱ्याला दिसते, हे आपण विसरतो. आपल्याला वाटतं, आपण गुपचूप वाचलं आणि पुढे गेलो. तिकडे तिला आपलं नाव दिसत असतं, वेळेसकट. त्या रात्री ती पुन्हा पुन्हा ती यादी उघडून बघत होती. वाचून गप्प राहणं हेही तिच्यापर्यंत पोचतं.

पण त्या रात्रीचं खरं नुकसान गप्प राहिलेल्यांनी केलं नाही. ते एका काळजी करणाऱ्या बाईने केलं. तिने स्टेटसचा स्क्रीनशॉट काढला आणि आमच्या भागातल्या मराठी ग्रुपवर टाकला: हिच्या जवळचं कुणी आहे का, ठीक आहे ना ही? हेतू चांगलाच होता. पुढे काय झालं ते पाहा. कुणी हात जोडले, कुणी हृदय पाठवलं. कुणी लिहिलं, नोकरी गेली म्हणे. कुणी लिहिलं, नोकरीचं नाही, घरचंच काहीतरी आहे. मध्यरात्रीपर्यंत तिचं आयुष्य चर्चेला आलं होतं, आणि त्या ग्रुपमध्ये तिची घरमालकीण होती. एकाने भारतातल्या तिच्या मावसभावाला कळवलं. साडेबाराला, म्हणजे तिकडच्या अकराला, तिच्या आईचे फोन सुरू झाले. आई रडत होती, लेकीला बोलता येईना. एक वाजता तिने फोन बंद करून टाकला.

माझा राग आहे तो इथे. ज्या एका वाटेने कुणीतरी तिच्यापर्यंत पोचू शकलं असतं, ती वाट या गलक्याने बंद केली. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला माणूस चारचौघांसाठीच उत्तर देतो, किंवा तिथून पळ काढतो. आणि आपली वस्ती छोटी आहे. ज्यांनी रात्री हृदय पाठवलं, तेच गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहणार आहेत, हे तिला माहीत असतं.

मीही त्या रात्री पहिल्यांदा चुकले. अकरा वाजता तिला लिहिलं, "काय झालं गं? ठीक आहेस ना?" तिचं उत्तर लगेच आलं, "हो गं, ठीक आहे." या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच. प्रश्नातच होकार भरलेला असतो, आणि नाही म्हणायचं तर दमलेल्या माणसाने सगळी कहाणी टाइप करायची. "काही लागलं तर सांग" हेही तसंच. काय लागतंय ते ओळखायचं, शब्द शोधायचे, मग मागायचं, असं सगळं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर.

दहा मिनिटांनी मी दुसरा मेसेज केला. "तुझं स्टेटस वाचलं. मला तुझी काळजी वाटते आहे. उत्तर द्यायची घाई नाही. मी जागी आहे, आणि हे कुणाला दाखवलेलं नाही." मी काय वाचलं ते त्यात आहे, मला काय वाटलं ते आहे, आणि तिने काय करायचं ते त्यात नाही. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. एक वाजल्यानंतरच्या मेसेजवर एकच टिक राहिली. अशा स्टेटसनंतर फोन बंद झाला तर सकाळची वाट पाहायची नसते. नवऱ्याला उठवलं, वीस मिनिटांत तिच्या दारात होतो. तो खाली गाडीतच थांबला. दोघांना दारात बघून ती बोलली नसती.

तिने दार उघडलं. आत बसल्यावर मी सरळ विचारलं, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

हे वाक्य मराठीत उच्चारायला जीभ रेटत नाही, हे मला मान्य आहे. आपण "भलतंसलतं काही करू नकोस हं" म्हणतो. त्यात विचारणं नसतं, दटावणं असतं, आणि समोरचा "छे, काहीतरीच काय" म्हणून मोकळा होतो. विचारलं तर विचार डोक्यात भरवला जाईल, ही भीती जुनी आहे आणि चुकीची आहे. २०१४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी या प्रश्नावरचे १३ अभ्यास एकत्र तपासले. विचारल्यामुळे असे विचार लक्षणीय वाढले, असं एकाही अभ्यासात दिसलं नाही. सरळ विचारायची ही पद्धत आपल्या कॅनडातूनच जगभर गेली आहे. अल्बर्टात १९८०च्या दशकात तयार झालेलं ‘असिस्ट’ हे दोन दिवसांचं प्रशिक्षण शिक्षक, नर्स, पोलिस आणि साधे शेजारी घेतात. शब्द न टाळता विचारणं त्यात माणसं मोठ्याने बोलून शिकतात, कारण नुसतं वाचून ते तोंडून निघत नाही.

ती म्हणाली, "येतो." मग बराच वेळ काही बोलली नाही. मी पुढचं विचारलं: कसं, कधी, असं काही ठरवलंयस का? ठरवलं नव्हतं. हा फरक मोठा आहे. ठरवलेलं असतं, किंवा तिने उत्तर टाळलं असतं, तर मी तिला एक क्षणही एकटं सोडलं नसतं आणि लगेच ९११ लावला असता. नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी मिळून ९८८ लावला, फोन स्पीकरवर ठेवून. ३० नोव्हेंबर २०२३ पासून हा क्रमांक कॅनडाभर चालू आहे. दिवसरात्र, फुकट, फोनवर किंवा टेक्स्टने. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही आहे, मराठी नाही. ती इंग्रजीत बोलत होती, अडलं की माझ्याकडे वळून मराठीत सांगत होती. मी फक्त शब्द पुरवले. आणखी एक: काळजी करणारा माणूसही या क्रमांकावर फोन करून विचारू शकतो, की मी आता काय करू? ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी हा एक फोन झाला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

त्या रात्री तिने मला म्हटलं, हे कुणाला सांगू नकोस. मी तसं वचन दिलं नाही. खासगी वेगळं आणि गुपित वेगळं. मी म्हटलं, ग्रुपवर एक शब्द जाणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मी एका माणसाला सांगणार, आणि तो माणूस तू निवड. तिने धाकट्या भावाचं नाव घेतलं. आईशी काय बोलायचं आणि किती, हे तिने भावाशी बोलून ठरवलं. ग्रुपवरच्यांनी जे केलं ते, आणि हे, यात एवढंच अंतर आहे: कुणाला कळावं हे ठरवणारी ती होती.

माझं घर वीस मिनिटांवर होतं. तुम्ही कॅल्गरीत आणि मैत्रीण हॅलिफॅक्सला असली तर काय? तिच्या शहरातलं, तिला चालेल असं एकच माणूस शोधा, आणि त्याला फोन करून सांगा. असं कुणी मिळालं नाही, तर तिच्या शहरातली सेवा बघा. टोरांटोत २११ लावला तर पोलिसांऐवजी शहराच्या संकट सेवेची प्रशिक्षित माणसं येऊ शकतात. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. ९११ वर खुशाली तपासायला सांगितलं, तर बहुतेकदा पोलिस येतात. न्यू ब्रन्सविकमधल्या एडमंडस्टनला ४ जून २०२० रोजी अशाच तपासणीला आलेल्या पोलिसाच्या गोळीने २६ वर्षांची शँटेल मूर गेली. म्हणून ते पाऊल शेवटचं. पण जीव धोक्यात आहे असं वाटलं, तर तेही उचलायचंच.

आणि नंतर? आपल्याकडे दोन दिवस सगळे विचारतात, तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत याच्या उलट करून पाहिलं. नैराश्यामुळे किंवा जीव द्यायच्या विचारांमुळे दवाखान्यात राहून आलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्याने दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रं गेली: आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. पत्रात उपदेश नव्हता, पुन्हा भेटायला या असा आग्रह नव्हता. तुमचं बरं चाललं असावं, लिहावंसं वाटलं तर लिहा, एवढंच. २००१ साली निकाल छापून आला. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या होत्या, आणि सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसला.

मी तेच वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरमध्ये घातलं आहे. आधी महिन्यातून एक मेसेज, प्रश्नचिन्हाशिवाय. "आज अळूवडी केली, तुझी आठवण आली." त्या रात्रीचा उल्लेख मी काढत नाही, ती काढते तेव्हा ऐकते. कधी उत्तर येतं, कधी नुसत्या टिका.

इथे जानेवारीत एका दूरसंचार कंपनीचा मानसिक आरोग्याचा दिवस असतो. कित्येक वर्षं त्या दिवशीच्या प्रत्येक हॅशटॅगमागे ती पाच सेंट देत होती. २०२३ पासून तिने मोजणी सोडून ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. आपणही मोजण्यासारखं काही करायचं सोडू या. गेल्या पंधरवड्यात ज्याचं स्टेटस वाचून तुमचा अंगठा पुढे सरकला आणि नाव मात्र मनात राहिलं, त्याला आज रात्री एकट्याला लिहा. स्टेटस कधीच गेलं असेल, हरकत नाही. "त्या दिवशी वाचलं होतं, तेव्हाच लिहायला हवं होतं" असं लिहा, आणि पाठवा.