दूध तोडण्यास सक्त मनाई

कैरोच्या खान अल-खलिली बाजाराला लागूनच मसालेवाल्यांची गल्ली आहे. तिथे एका पोत्यात कर्कदे, म्हणजे लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं, शिगोशीग भरली होती आणि वर खोचलेल्या पुठ्ठ्यावर हाताने भाव लिहिला होता. फोटो काढून मोबाइलला दिला. त्याने भाषांतर केलं : ‘अस्वानचे कर्कदे. पाव ६५. किंमत २५. दूध तोडण्यास सक्त मनाई.’

“अहो, तान्ह्या बाळांचा इथे काय संबंध?” ही म्हणाली. “आणि ते ६५ कुठलं? मला तर स्वच्छ ७० दिसतंय.”

दिसणारच. अरबी पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच शीर्षासनात. अक्षरं उजवीकडून वाचायची, आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून. तेव्हा ६५ बरोबर होते.

घोळ ‘किंमत २५’ मध्ये होता. कशाची किंमत? अरबीत ‘किंमत’ आणि ‘आठवा भाग’ हे दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहितात, कारण ऱ्हस्व स्वर कुणी लिहीत नाही. ‘रुब’ म्हणजे पावकिलो. त्याच्याखाली आहे तो ‘तुम्न’, म्हणजे किलोचा आठवा भाग. थोडक्यात, आपला अदपाव.

“पाव ६५ ला आणि अदपाव २५ ला?” हिने तोंडी हिशेब केला. “थोडं घेणाऱ्याला स्वस्त देणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. तो आकडा ३५ असणार!”

शेजारच्या जिऱ्याच्या पाटीवर खरा दोन सापडला. डोकं सपाट, नुसता आकडा. इजिप्तमध्ये हाताने लिहिताना तीनाचा एक दात गळतो आणि तो छापील दोनासारखा दिसू लागतो. मोबाइल छापील पुस्तकातला. त्याने दोनच वाचला.

राहिलं दूध. ‘फिसाल’ म्हणजे ग्रंथातल्या अरबीत बाळाचं दूध तोडणं. कैरोच्या बाजारात घासाघीस. म्हणजे पाटीचा अर्थ, ‘भाव करू नये’.

हे कळताच हिने पदर खोचला. “आखिर कलाम?” शेवटचं बोला, हे एवढंच अरबी तिला येत होतं. दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवलं. ही पुढच्या दुकानाकडे वळली. पाठीमागून ६० चा पुकारा झाला.

पुडी बांधून तो छातीवर हात ठेवत म्हणाला, “खल्ली अलेना.” राहू द्या, आमच्याकडून.

“राहू द्या म्हणतोय ना?” पुडी एव्हाना पर्समध्ये गेली होती.

मी ६० पाउंड पुढे केले. त्याचं तोंडाने “राहू द्या, राहू द्या” चालूच होतं. हाताने गल्ला उघडला होता.