पगार नाही? मग स्लिप आणा!

मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात पाटी घेऊन दारोदार मासळी विकणाऱ्या बाईंना पगार कोण देणार? बांगडा की सुरमई? पण मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा, आणि खिडकीवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "सॅलरी स्लिप?"

खरं तर नियमात वाट आहे. नोकरदाराला फॉर्म १६, विवरणपत्र भरणाऱ्याला त्याची प्रत. दोन्ही नसलेल्याला स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. त्यावर तहसीलदार दाखला देतात. तलाठी आता 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, बाईंची पाटी मात्र पाटीच राहिली.

गंमत अहवालात आहे. बाईंना कधी दोनशे सुटतात, कधी बर्फाचेही निघत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, आणि प्रवेशाची धावपळ नेमकी तेव्हाच. या भरती-ओहोटीतून अहवालात उतरतो मात्र गुळगुळीत वार्षिक आकडा. शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा ८ लाख. बाई तिच्या आसपासही नाहीत, तरी सिद्ध त्यांनीच करायचं.

तेव्हा स्लिप मागितली, तर तलाठी अहवालाचं नाव घ्या, अर्ज 'आपले सरकार'वर भरा आणि पोचपावती जपून ठेवा.