सहा-सहा-सहा-चार

सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण यंदा काव्यात असावं असं कमिटीत ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरी माझ्या डोक्यावरच्या बंद पंख्याकडे बघत होते, हे मला नंतर कळलं. तोवर मी होकार देऊन बसलो होतो.

मी मोठ्या अभंगाचा छंद निवडला. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्यात. लघु-गुरूची भानगड नाही, जोडाक्षर एकच धरायचं. ‘कराओके’सुद्धा बिनबोभाट बसतं. आसनगावात राहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला याहून सोयीचा छंद नाही. गाडीत उभ्या-उभ्या बोटांवर मोजता येतो.

अक्षरगणवृत्ताच्या वाटेला मी जात नाही, कारण आमच्या मुरबाडकडच्या मामांच्या मंगलाष्टका मी ऐकल्या आहेत. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती. कडव्याच्या शेवटच्या ओळीतली शेवटची सात अक्षरं आशीर्वादाची, ती आयतीच मिळतात. त्या ओळीत कवीला राबायचं ते फक्त बारा अक्षरांपुरतं. पण त्या बारांत मामांना नवरी, नवरी­चे आजोबा, दोन्हीकडचे काका आणि जमल्यास पोलीस पाटील बसवायचे असत. त्यात ओळीची पहिली तिन्ही अक्षरं गुरू लागतात आणि नवरीचं नाव नेमकं सविता! मामांनी माइक धरून ‘सावीता’ म्हटलं. पुढच्या कडव्यात आजोबा इतके लांबले की मागच्या वऱ्हाडाने कडवं संपायच्या आत अक्षता टाकून पंगत गाठली. मामा अजून सांगतात, लोक भारावून उठले होते. कवित्वाचा आत्मविश्वास आमच्याकडे आजोळाहून आलेला आहे.

तर माझं पहिलं कडवं :

रविवारी सांजे
आवारात या रे
आणा संगे सारे
घरदार

याला हरकत कोण घेणार? खजिनदारांनी घेतली. “घरदार म्हणजे किती माणसं? फ्लॅटमागे चारच ताटं धरली आहेत.” मी म्हटलं, शेवटच्या चरणात अक्षरंही चारच आहेत. ते हसले नाहीत.

दुसरं कडवं जेवणाचं :

तांदळी भाकर
वालाचे बिरडे
रश्शात तुकडे
बोटे चाटा

यावर कमिटी उभी दुभंगली. तुकडे कशाचे, हे मी मुद्दाम मोघम ठेवलं होतं, पण शाकाहारी गटाला ते बरोबर कळलं. अखेर ‘रश्शात’ काढून ‘बटाटा’ घातला. तीन अक्षरं गेली, तीन आली. छंदाला धक्का लागला नाही, जेवणाला लागला.

खेळ आणि गाणी मी एकाच कडव्यात उरकली :

लिंबू नि चमचा
खुर्चीसाठी दंगा
कराओके, सांगा,
कोण गातो

संगीत खुर्चीवरचा हा निरुपद्रवी चरण चेअरमनसाहेबांनी मनाला लावून घेतला, कारण सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. पण ‘दंगा’ला तोडीचं यमक कुणालाच सुचेना, म्हणून तो राहिला. यमकाने लोकशाही अशी वाचवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

चौथं कडवं मात्र छापलं गेलं नाही :

पाणी बाटलीचे
घरून आणावे
धरण पाहावे
दुरूनच

हे मला जुळवावं लागलंच नाही. तानसा धरण १८९२ साली बांधून झालं, भातसा त्यानंतर कित्येक वर्षांनी. दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात, आणि दोन्हींचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात. आमच्या सोसायटीला निदान टँकर विकत घेता येतो. मुंबईत नोकरीला होतो तेव्हा ऑफिसातला नळ कुणी वाहता सोडला की मी उठून बंद करायचो. सहकारी मला चिक्कू समजत. ते आमच्याकडचं पाणी होतं, एवढं सांगायची मला तेव्हा लाज वाटली.

सेक्रेटरी म्हणाले, “काका, कडवं झकास आहे. पण लोक जेवायला येणार, त्यांना कशाला आठवण करून द्यायची?” त्या जागी ‘पाण्याची सोय मर्यादित आहे’ ही ओळ आली. तिच्यात अक्षरं किती, ते मी मोजलं नाही.

अशी निमंत्रणं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो : खाणं, खेळ, गाणी खुशाल पद्यात घाला, वेळ, वर्गणी आणि ताटांची संख्या खाली गद्यात लिहा. ‘रविवारी सांजे’ वाचून कुणी पाचला येतो, कुणी नऊला, आणि दोघेही बरोबर असतात. आमच्याकडे साडेसहाला या. बाटली भरून आणा. मुंबईहून येणाऱ्यांनी तर नक्कीच, पाणी इथलंच आहे.