सी म्हणजे सी

दहावीच्या मुलांना प्रश्नपत्रिकेचा फोटो कसा काढावा हे कोणी शिकवत नाही, आणि ते फोटोत दिसतं. माझी भाची मराठी माध्यमात आहे, तिची मैत्रीण इंग्रजी माध्यमात. मैत्रिणीच्या क्लासने विज्ञान भाग १ चा सराव पेपर घेतला. तो ‘एकदम बोर्डासारखा’ निघाला, म्हणून त्याचे दोन फोटो माझ्याकडे आले. खाली निरोप: ‘मामा, मराठी करून दे ना. संध्याकाळी सोडवायचाय.’ पेपर उशीवर ठेवून फोटो काढला होता, त्यामुळे मधल्या ओळींना पोट सुटलं होतं आणि कडेचे गुण भलत्याच प्रश्नांशी सलगी करत होते.

सोबत उत्तरांची यादीही होती. तिच्यात बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं म्हणजे नुसती अक्षरं: बी, डी, सी, ए, सी. खरी गोम इथे आहे. बोर्डाच्या पेपरातही अशा प्रश्नाला पर्यायाचं अक्षरच लिहायचं असतं. माझ्या भाषांतरात तिसरा पर्याय दुसऱ्या जागी गेला, की पोरीने बरोबर उत्तर लिहूनही यादी तिला चूक ठरवणार, आणि घरात अभ्यासाच्या विषयावर अधिवेशन भरणार.

भाषांतर करायचं म्हटल्यावर आमचे दाजी मदतीला बसले. दाजींचं मराठी उत्तम आहे. ही या कामातली सगळ्यात मोठी अडचण. ‘पहिला प्रश्न सांग, मी झरझर सांगतो, तू लिही,’ असं त्यांनी बाह्या सरसावत फर्मान काढलं. मी म्हटलं, ‘दाजी, आधी एकही शब्द मराठी करायचा नाही. आधी सांगाडा.’

सांगाडा म्हणजे कोऱ्या कागदावर फक्त प्रश्न क्रमांक, उपप्रश्न, ‘कोणतेही दोन’सारखी सूचना आणि गुण. दहावीच्या विज्ञानाचा एक भाग ४० गुणांचा. पहिल्या प्रश्नाचे ५ आणि ५, दुसऱ्याचे ४ आणि ६, तिसऱ्याचे १५, चौथ्याचे ५. आमची बेरीज आली ३०. दाजी म्हणाले, ‘क्लासवाल्याने दहा गुण खाल्ले.’ फोटोची उजवी कड कापली गेली होती आणि तिसऱ्या प्रश्नासमोर नुसता ५ दिसत होता. पण सूचना होती ‘कोणतेही पाच’, आणि तीन गुणांचा एकेक उपप्रश्न. म्हणजे १५ मधला १ फोटोबाहेर राहिला होता. बेरीज केली नसती, तर पोरीने पंधरा गुणांच्या प्रश्नाला पाच गुणांपुरतं लिहिलं असतं.

मग पर्यायांच्या अक्षरांवरून वाद. दाजींचा आग्रह: मराठी पेपर, तर अक्षरंही मराठी. बरं, कोणती? त्यांच्या वेळी म्हणे क, ख, ग, घ असायचं. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अ, ब, क, ड!’ म्हणजे बघा, ताईचा क तिसरा आणि दाजींचा क पहिला. एकाच घरात एकाच अक्षराला दोन आसनं. मी जाहीर केलं, पेपरात सी आहे तर सी. पर्याय एका ओळीत एकच लिहायचा, कारण मूळ पेपरात ते दोन-दोनच्या जोडीने छापले होते आणि दाजी ते आडवे न वाचता उभे वाचत होते. उभं वाचलं की ए नंतर थेट सी येतो.

आकड्यांचीही गंमत. पृथ्वीचं वस्तुमान पेपरात 6 × 10²⁴ kg दिलेलं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून-चेपून आल्यामुळे वरचा छोटा २४ खाली घसरला होता आणि दाजींनी वाचलं, ‘सहा गुणिले एक हजार चोवीस.’ म्हणजे सहा टनांची पृथ्वी. ट्रकमध्ये घालून वाईला नेता आली असती. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत मागवला, तेव्हा तो २४ आपल्या जागी चढून बसलेला दिसला. फोटो तसा पाठवला तर आकसत नाही, एवढं ज्ञान त्या दिवशी सगळ्या घराला मिळालं.

आता खरं भाषांतर. पहिल्या प्रश्नातला तिसरा उपप्रश्न असा: भिंगाच्या नाभीय अंतराचा मीटरमधला व्यस्त म्हणजे काय? पर्याय: ए विशालन, बी अपवर्तनांक, सी शक्ती, डी वक्रता केंद्र. दाजींनी सुरेख वाक्य जुळवलं: ‘नाभीय अंतराचा मीटरमधील व्यस्त म्हणजे भिंगाची ____.’ भाची फोनवर होती. दाजींनी तिला वाक्य आणि चारही पर्याय वाचून दाखवले. क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, ‘शक्ती!’

दाजी धन्य झाले. ‘प्रकाशाचा धडा तयार आहे हिचा.’

‘बाबा, धडा अजून उघडला नाहीये. पण “भिंगाची” म्हटलंत ना? बाकी तिन्ही चा नाहीतर चे आहेत.’

इंग्रजी वाक्याला हे दुखणं नाही, तिथे रिकामी जागा कोणालाही पोटात घेते. मराठीत रिकाम्या जागेच्या आधीचा प्रत्यय उत्तराचं लिंग ओरडून सांगतो. उपाय एवढाच की वाक्य असं फिरवायचं, की प्रत्ययाला तोंडच उघडता येऊ नये: ‘भिंगाच्या मीटरमधील नाभीय अंतराच्या व्यस्ताला ____ म्हणतात.’ वाक्य दाजींच्या वाक्याइतकं देखणं नाही. ते फुटत नाही, एवढाच त्याचा गुण. त्यानंतर प्रत्येक रिकाम्या जागेत आम्ही चारही पर्याय एकेक करून बसवून पाहिले. चारही व्याकरणात बसले तरच वाक्य पास.

दुसऱ्या प्रश्नात छापखान्याने दोनदा चौथा उपप्रश्न घातला होता, पाचवा नव्हताच. दाजींचा हात सुधारणेसाठी शिवशिवला. मी तो धरून ठेवला. उत्तरांच्या यादीतही चार, चार, सहा असंच होतं. चूक दोन्हीकडे सारखी असेल तर ती चूक राहत नाही, तो क्रमांक असतो. शेजारी कंसात ‘मूळ पेपरात असेच’ लिहिलं आणि पुढे गेलो.

तिसऱ्या प्रश्नात मात्र अडलो. आठ उपप्रश्नांपैकी सातव्यावर मैत्रिणीचं बोट होतं, नखावर जांभळं नेलपॉलिश. खालून फक्त ‘आकृतीसह स्पष्ट करा’ एवढं डोकावत होतं. दाजी म्हणाले, ‘गाळून टाक. तसेही पाचच सोडवायचेत.’ गाळला असता तर आठवा सातवा झाला असता आणि यादीतल्या सातव्याशी त्याचं लग्न लागलं असतं. मग ते म्हणाले, ‘आपणच एखादा घालू, इंद्रधनुष्यावर.’ तेही नाही. सातवा क्रमांक तसाच ठेवला, पुढे ‘फोटोत दिसत नाही’ असं लिहिलं, कडेला गुण ३.

रात्री भाचीचा फोन आला. २९ गुण पडले होते, तिनेच तपासून तिनेच दिलेले. तिसऱ्या प्रश्नातले दोन अवघड गेले म्हणाली.

‘आणि मामा, तिला विचारलं मी, बोटाखाली काय होतं ते.’

‘मग?’

‘म्हणाली, तोच एक सोपा होता.’