चारशे छत्तीसचा चोर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की वणीतल्या बँकांत कूलरसमोर गर्दी होते आणि काउंटरवर एकच फिर्याद ऐकू येते : "माये चारशे छत्तीस कोणं नेले बावा?" फिर्यादी कधी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले काका असतात, कधी कापसाचे उरलेसुरले पैसे खात्यात राखलेला शेतकरी. चोर मात्र दरवर्षी तोच. मेसेजमध्ये तो स्वतःचं नावही सांगतो, PMJJBY. म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा. त्याचा धाकटा भाऊ PMSBY, हा अपघात विमा, वीस रुपये नेतो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून हप्ता मे अखेरीस कटतो. खातं उघडताना साहेबांनी "इथं, इथं आणि इथं" म्हणून ज्या सह्या घेतल्या, त्यातली एक याची असते. विमा नको असेल तर शाखेत अर्ज देऊन बंद करता येतो. पोलिसांत जायचं कारण नाही.

दुसरा संशयित म्हणजे खुद्द बँक. ती पैसे घेते तेव्हा पैशांतले पैसेसुद्धा सोडत नाही, आणि तिथेच ती सापडते. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून कटलेल्या रकमेला १.१८ ने भागा. १७.७० आले? भागल्यावर बरोबर १५. हे बहुतेक मेसेज पाठवण्याचंच शुल्क. (पैसे कापल्याचं कळवतो, म्हणून पैसे कापतो. याला धंदा म्हणतात.) २७.१४ म्हणजे २३. एटीएमच्या मोफत फेऱ्या संपल्यावरची फेरी. २३६ म्हणजे २००. असं पूर्णांकी उत्तर अनेकदा कार्डाच्या वार्षिक शुल्काचं असतं, आणि सोबत AMC लिहिलेलं असेल तर शंकाच नको. हे भागाकाराचं गणित खूण म्हणून वापरा, पुरावा म्हणून नव्हे. ४३६ ला भागून काही धड येत नाही, तरी तो निर्दोष आहे.

आता खरा चोर. गंमत अशी की चारशे छत्तीससाठी भांडणारा माणूस याच्याकडे बघतही नाही. मेसेजमध्ये किंवा पासबुकात AEPS ही चार अक्षरं असतात, समोर दहा हजारांपर्यंतची रक्कम, कारण एका व्यवहाराची मर्यादाच तेवढी. हा आधार आणि अंगठ्यावरचा व्यवहार. यात ओटीपी येत नाही, पिन लागत नाही, कार्डही लागत नाही. गावातल्या बँक मित्राकडे तुम्ही अंगठा लावून पैसे काढले असतील, तर मेसेज तुमचाच. त्या दिवशी तुम्ही कुठेच अंगठा लावला नसेल, तर तुमचा अंगठा दुसऱ्या कुणीतरी लावला आहे. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवणाऱ्या टोळ्या देशात पकडल्या गेल्या आहेत.

यावर कुलूप आहे. एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. अडचण एवढीच की मग रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. धान्याच्या दिवशी ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं.

चोरी झालीच तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आठवा. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत केली तर तुमचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी मेसेज आला आणि मध्ये सण नसला, तर बुधवारपर्यंत मुदत आहे. चौथ्या ते सातव्या दिवशी तक्रार केली तर साध्या बचत खात्यावर तुमची जबाबदारी दहा हजारांपर्यंत, जनधनसारख्या मूळ बचत खात्यावर पाच हजारांपर्यंत. आता हिशोब करा : चोरी दहा हजारांची, खातं साधं, तक्रार गुरुवारी. सगळे तुमचेच गेले. एका दिवसाचा भाव दहा हजार! पिन किंवा ओटीपी स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचंच, हेही त्याच परिपत्रकात आहे.

म्हणून AEPS अनोळखी दिसला की पासबुक छापायच्या रांगेत उभं राहू नका. आधी १९३० वर फोन, मग बँकेला. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या, मेसेजमधला नको. दहा आकडी मोबाईलवरून आलेला "डेबिट झाले, फोन करा" हा मेसेज बँकेचा नसतोच. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तारखेसह. तक्रार नोंदल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा, ही बँकेची जबाबदारी. "तुम्हीच अंगठा दिला असेल" असं काउंटरवरून कुणी म्हणालं, तर त्यांना त्याच परिपत्रकाची आठवण करून द्या : चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे.