निरोपमंत्री

प्रत्येक पेढीवर एक माणूस असा असतो, की ज्याला कुणी नेमलेलं नसतं. तरी कुणी नोकरी सोडली की वर्गणीची वही त्याच्याच काखेत दिसते. कल्याण रोडवरच्या आमच्या कापडपेढीत त्यांना आम्ही निरोपमंत्री म्हणतो. निवृत्तीला शाल-श्रीफळ, लग्न ठरलेल्या मुलीला मिक्सर. त्यांचं खातं चोख.

पंचाईत झाली ती आमच्या मेहताजींच्या वेळी. हिशेबाच्या वह्या मिटून त्यांनी आठ माग भाड्याने घेतले होते. पार्टी भीम आणि सूत पाठवणार, हे विणून ताके परत देणार, मजुरी पिकावर, तीही पैशांत.

कुणी म्हणालं, भिंतीवरचं घड्याळ देऊ. मंत्री कडाडले, "नोकरीतून सुटलेल्या माणसाला घड्याळ?" पाकिटात रोख ठेवावी, तर ती मदत वाटते. धीर देणारं पुस्तक द्यावं, तर धीर सुटणार असं आपणच ठरवल्यासारखं. भाषणात "नाही जमलं तर परत या, तुमची खुर्ची आहेच" म्हणायचं नाही, अशी सगळ्यांना सक्त ताकीद. (वाक्य प्रेमाचंच असतं. पण परत येण्याची वाट आपण दाखवली, की जाणाऱ्याचं निम्मं लक्ष तिकडेच.)

शेवटी मंत्र्यांनी वहिनींना गुपचूप फोन करून कारखान्याचं नाव काढलं आणि चलानबुकं छापायला टाकली. ताके कारखान्यातून निघाले की चलान लागतंच, तेही तिहेरी: पांढरं पार्टीला, गुलाबी टेम्पोवाल्याला, पिवळं बुकात. ताके किती, मीटर किती, भीम कुणाचा, सगळं त्यावर. पुढे मीटर कमी भरले म्हणून पार्टीने मजुरी कापायला घेतली, की टेम्पोवाल्याची सही असलेलं पिवळं चलानच कामाला येतं. मेहताजींनी अशी कापाकापी आमच्या बाजूने वर्षानुवर्षं केलेली, त्यामुळे त्यांना हे शिकवायची गरज नव्हती.

अडलं ते नंबरावर. एकपासून छापावं, तर पार्टी ओळखते की गडी नवा आहे, आणि भाव पाडते. म्हणून बाजारात बरेच जण १०१ पासून सुरू करतात. मंत्री अडून बसले. "१०१ म्हणजे आपणच त्यांचा नवखेपणा झाकतोय. मेहताजी एकपासून सुरू करतील, आणि भाव पाडणाऱ्याला पाडतील!" ठराव मंजूर झाला. छापखानेवाल्याने सवयीने १०१च छापलं, ते परत करून नव्याने करून घेतलं. जादा खर्च पुन्हा वर्गणीत.

निरोपाच्या दिवशी बुकं हातात पडली. मंत्र्यांनी सेठलाही पटवलं होतं. पहिला भीम पेढीचाच. मेहताजींनी चलान नंबर एक उघडलं, पार्टीच्या जागी सेठचं नाव लिहिलं. टाळ्या झाल्या. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "सेठ, पेमेंट किती दिवसांत?"

सेठ म्हणाले, "अहो, आजचा दिवस तर तुम्ही इथेच कामाला आहात!"

"म्हणूनच विचारतो. तुम्ही पेमेंट किती दिवस लांबवता, ते मीच लिहीत होतो."