पत्रास कारण की

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं डिसेंबरचं प्रदर्शन आटोपून मुकुटबनची माणसं परत येतात, तेव्हा प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा-वीस नवे नंबर असतात. दुसऱ्या सकाळी त्या सगळ्यांना एकच ओळ जाते: 'काल भेटून आनंद झाला', सोबत गुलाबाचं फूल. हा निरोप वाया जातो. समोरच्यानं दिवसभरात शेकडो माणसं पाहिलेली असतात. तुमचा नंबर त्याच्याकडे नसतो आणि निरोप उघडण्याआधी पडद्यावर दिसतात ते पहिले चार-पाच शब्द. तेही सगळ्यांचे सारखेच.

आमच्या शेजाऱ्यानं यंदा वेगळं केलं. कामगंध सापळ्यांच्या स्टॉलपाशी वर्ध्याकडच्या एका शेतकऱ्याशी त्याचा फरदडीवरून वाद झाला होता. हा म्हणे, पऱ्हाटी अजून दोन महिने ठेवतो. तो म्हणे, मग पुढच्या हंगामाची गुलाबी बोंडअळी तूच पोसतो आहेस. चौथ्या दिवशी शेजाऱ्यानं लिहिलं:

'नमस्कार भाऊ, मी मुकुटबनचा, फरदडीवरून तुमच्याशी भांडलो तो. घरी येऊन तीन रात्री सापळ्यातले पतंग मोजले. 11, 9, 14. तुमचंच खरं निघालं. पऱ्हाटी उपटतो आहे.'

खाली सापळ्याचा फोटो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी गाठली, हे त्याला त्या वर्धेकरानंच सांगितलं होतं. अर्ध्या तासात वर्धेकराचा फोन आला.

या निरोपात ओळख पहिल्याच ओळीत आहे, तीही भांडणाची, म्हणून विसरता येत नाही. भेटीनंतर काय घडलं ते आहे. आणि मागणी कसलीच नाही. जुन्या पत्रांत 'पत्रास कारण की' असं लिहून माणूस मुद्द्यावर यायचा. आपण पत्र सोडलं आणि कारणही सोडलं.

पहिल्याच निरोपात 'पोराला सिमेंट कारखान्यात लावता का' असं विचारणं म्हणजे ओळख उगवायच्या आधीच कापणं. न विचारता गटात घालणं त्याहून वाईट. काही पाठवायचं कबूल केलं असेल, तर ते दोन दिवसांत गेलंच पाहिजे. उशीर झाला, तर माफीचा परिच्छेद नको, कबूल केलेली वस्तूच पाठवा. उत्तर आलं नाही, तर तेच पुन्हा धाडू नका. नवं कारण घडेपर्यंत थांबा.

लिहून झालं की एकदा तपासा: हाच निरोप दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा चालला असता का? चालला असता, तर पुसून टाका.

आणि परतीच्या एसटीत, वणी यायच्या आत, प्रत्येक नंबरापुढे बोलण्यातला एक शब्द टाकून ठेवा. 'अकोला 3' नव्हे. 'फरदड, वर्धा.'